नव्या वेबसाइटचा खर्च नेमका कुठे होतो?

ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्याने २२ ऑक्टोबर २०२५ रोजी आपली नवी वेबसाइट सुरू केली आणि लगेच तक्रारींचा पाऊस पडला. क्वीन्सलँडमध्ये वादळं घोंघावत असताना लोकांना सवयीचा रडार नकाशा सापडेना. शेतकरी आणि मच्छीमार संतापले, आणि खात्याला रडारची जुनी मांडणी परत आणावी लागली. आधी सांगण्यात आलं होतं की नव्या रूपावर ४१ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर खर्च झाले. नोव्हेंबरात पूर्ण हिशेब समोर आला. एकूण आकडा ९ कोटी ६५ लाख डॉलरचा होता. ४१ लाख फक्त रूप बदलण्याचे होते. वेबसाइटची प्रत्यक्ष बांधणी ७ कोटी ९८ लाखांची आणि ती सुरू करणं व सुरक्षा चाचण्या १ कोटी २६ लाखांच्या.

एवढ्या मोठ्या सरकारी कामाचे आकडे आपल्याकडच्या ग्रंथालयाला, शाळेला किंवा मासिकाला लागू होत नाहीत. प्रमाणाचा प्रश्न मात्र तिथेही तोच असतो. कार्यकारिणीच्या बैठकीत चर्चा होते ती पहिल्या पानाची, रंगाची, बोधचिन्हाची. पैसा आणि वेळ खातं ते मागचं काम: वर्षानुवर्षं साठलेला मजकूर जुन्या साइटवरून उचलून नव्या साइटवर धड उतरवणं. मराठी संस्थांच्या बाबतीत तर या कामाला एक खास गाठ आहे, आणि ती अंदाजपत्रक करणाऱ्याला आधी ठाऊक असायला हवी.

एक उदाहरण घेऊ. समजा, पंचवीस वर्षांपासून निघणाऱ्या एका मराठी मासिकाची वेबसाइट आहे आणि तिच्यावर ४,००० लेख आहेत. साइट मोबाइलवर नीट दिसत नाही, शोध चालत नाही. एका कंपनीचं कोटेशन येतं: ‘संपूर्ण वेबसाइट रीडिझाइन, डेटा मायग्रेशनसह, सहा लाख रुपये.’ सगळं एका ओळीत. (इथून पुढच्या रकमा उदाहरणापुरत्या आहेत, गाव, कंपनी आणि कामानुसार त्या बदलतील.) या ओळीत डेटा मायग्रेशन म्हणजे काय, हे कुठेच लिहिलेलं नाही. कंपनीच्या मनात त्याचा अर्थ असतो, जुन्या डेटाबेसमधली माहिती नव्या डेटाबेसमध्ये ओतणं. मासिकाच्या मनात अर्थ असतो, सगळे लेख नव्या साइटवर वाचता येणं. या दोन अर्थांमधलं अंतर शेवटी कुणालातरी पैसे देऊन भरावंच लागतं.

हे अंतर किती मोठं आहे, ते मजकूर कोणत्या रूपात साठवलाय यावर ठरतं. युनिकोड रुळण्याआधीचा मराठी मजकूर श्रीलिपी, शिवाजी, किरण, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाइप व्हायचा. त्यात संगणकाच्या दृष्टीने अक्षरं इंग्रजीच असत, फक्त फॉन्ट त्यांना देवनागरी आकार देत असे. कृतिदेवमधलं ‘मराठी’ फॉन्ट काढून घेतला की पडद्यावर `ejkBh` असं दिसतं. असा लेख युनिकोडमध्ये आणायला परिवर्तक वापरतात, पण तो नुसती अक्षरांची अदलाबदल करून भागत नाही. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफार जुन्या पद्धतीत अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये आधी. जोडाक्षरावर दोन्ही एकत्र आले की परिवर्तक चुकण्याची शक्यता सर्वांत जास्त. त्यातच लेखात मधेच एखादा इंग्रजी शब्द असेल, तर परिवर्तक त्यालाही देवनागरी समजून त्याचं कडबोळं करतो.

थोड्या नंतरच्या लेखांची अडचण वेगळी. ते युनिकोडमध्येच असतात, पण डेटाबेसला ते दुसऱ्याच लिपीचे वाटत असतात. अशा वेळी ‘म’च्या जागी `à¤®` अशी चिन्हं दिसतात. हे दृश्य भीतीदायक असलं तरी मूळ मजकूर बहुधा शाबूत असतो आणि योग्य रूपांतराने परत मिळतो. ओळीच्या ओळी `????` झालेल्या दिसल्या, तर मात्र तो मजकूर त्या प्रतीतून गेलेलाच असतो. मग जुना बॅकअप शोधायचा, नाहीतर छापील अंकावरून पुन्हा टाइप करायचा. पहिल्या प्रकारात खर्च काही तासांच्या कामाचा, दुसऱ्यात पानामागे मोजावा लागणारा. कोटेशन मागवण्याआधी वेगवेगळ्या वर्षांतले थोडे लेख डेटाबेसमधून काढून नुसते डोळ्यांखालून घातले, तरी आपण कोणत्या प्रकारात आहोत हे कळतं.

म्हणून जाणकार व्यवस्थापक सहा लाखांच्या त्या ओळीवर घासाघीस करत बसत नाहीत. ते आधी एक छोटा, स्वतंत्र पैशांचा टप्पा मागतात: अभ्यास आणि नमुना स्थलांतर. आपल्या उदाहरणात त्यासाठी ८०,००० रुपये ठेवू. कंपनीने शंभर लेख निवडायचे, तेही सोयीचे नव्हेत. सर्वांत जुना, सर्वांत लांब, तक्त्यांचा, तळटीपांचा, आणि कविता असलेला अंक तर हवाच, कारण स्थलांतरात कवितेच्या ओळी एकमेकींना चिकटून गद्य होणं ही नेहमीची गोष्ट आहे. हे शंभर लेख नव्या रूपात आणायचे आणि मुद्रितशोधकाने प्रत्येक लेखाला लागलेला वेळ लिहून ठेवायचा.

समजा, नमुन्यातले ७० लेख पंधरा-पंधरा मिनिटांत दुरुस्त झाले. २२ लेखांना प्रत्येकी पाऊण तास लागला. उरलेले आठ लेख मजकूरच हरवल्यामुळे पुन्हा टाइप करावे लागले, प्रत्येकी अडीच तास. एकूण ५४ तास. त्याच हिशेबाने ४,००० लेखांना २,१६० तास, म्हणजे दिवसाला सहा तास प्रत्यक्ष काम धरलं तर ३६० दिवस. दिवसाला १,२०० रुपये मानधन धरलं, तर ४ लाख ३२ हजार रुपये. सहा लाखांच्या कोटेशनमध्ये ही रक्कम कुठेच नव्हती.

या आकड्याने घाबरून जाण्याआधी तो उलगडून पाहायला हवा. ५४ तासांपैकी २० तास त्या आठच लेखांनी खाल्ले. असे लेख सगळ्या संग्रहात साधारण ३२० निघतील. ते पुन्हा टाइप करण्याऐवजी छापील अंकाची पानं स्कॅन करून साइटवर ठेवली, तर उरलेलं काम १,३६० तासांचं, म्हणजे सुमारे २२७ दिवसांचं आणि पावणेतीन लाखांच्या आतलं होतं. स्कॅन केलेल्या पानांत शब्दाने शोध लागणार नाही, पण लेख वाचता येईल, आणि पुढे पैसे आले की टाइप करता येईल. काय सोडायचं, हा निर्णय संपादकाचा आहे. नमुना घेतला नाही, तर तो निर्णय काम अर्ध्यावर आल्यावर, पैसे संपताना, कंपनीचा प्रोग्रॅमर घेतो.

आता अंदाजपत्रक मांडता येतं. अभ्यास टप्प्याचे ८०,००० धरलेच आहेत. रचना आणि रूप दीड लाख, बांधणी ३ लाख २० हजार. स्थलांतराचे प्रोग्रॅम, दोन रंगीत तालमी आणि जुन्या पत्त्यांची जोडणी मिळून दोन लाख. सुरक्षा आणि सुलभता यांच्या चाचण्या ६०,०००. सुरू झाल्यानंतरच्या वर्षाची देखभाल १ लाख २० हजार. मजकुराचं काम, लेखकांच्या नावांची एकसारखी यादी धरून, तीन लाख. बेरीज १२ लाख ३० हजार. त्यावर दहा टक्के अनपेक्षित खर्चासाठी राखीव. शिवाय कंपनीच्या ९ लाख ३० हजारांच्या बिलांवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १ लाख ६७ हजार. संस्थेला त्याची वजावट मिळत नसेल तर तो खराखुरा खर्चच. सगळं मिळून साधारण १५ लाख २० हजार. रूपाचा वाटा करापूर्वीच्या बेरजेत बारा टक्के, मजकूर आणि स्थलांतर यांचा मिळून चाळीस.

इतके पैसे नसतील, तर कात्री रूपाला आणि सोयींना लावावी. स्थलांतराची तालीम कापणं सर्वांत महाग पडतं. तालमीत सगळा डेटा एकदा नव्या साइटवर आणून मोजणी करायची: जुन्या बाजूला ४,००० लेख, तर नव्या बाजूला किती? लेखक किती, छायाचित्रं किती? संख्या जुळली तरी शोध तपासायचा. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक ‘अ’ला चंद्र जोडून तो आकार साधत. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकासाठी ते वेगळे आहेत. ही एकवाक्यता साधली नाही, तर ‘ॲटलास’ शोधणाऱ्या वाचकाला निम्मे लेख दिसतच नाहीत, आणि काहीतरी राहिलंय हे त्याला कळतही नाही.

जुन्या पत्त्यांची जोडणीही अशीच न दिसणारी. वर्षानुवर्षं इतरांनी दिलेल्या लिंक आणि गूगलच्या नोंदी जुन्या पत्त्यांवर आहेत. प्रत्येक जुना पत्ता नव्याकडे कायमचा वळवला नाही, तर नव्या साइटवर येणारा वाचक ‘पान सापडले नाही’ वाचून परततो. हे वळण किमान एक वर्ष ठेवावं, असं गूगल स्वतःच सांगतं. कोटेशनमध्ये हे काम वेगळं लिहून घेतलं नाही, तर बहुतेक कंपन्या फक्त पहिलं पान वळवून मोकळ्या होतात.

पैसे कोणत्या टप्प्यावर द्यायचे, हे रकमेइतकंच महत्त्वाचं. निम्मे आगाऊ, चाळीस टक्के साइट दिसू लागल्यावर, दहा टक्के शेवटी, अशी पद्धत आपल्याकडे रूढ आहे. यात अवघड काम उरतं तेव्हा कंपनीचे नव्वद टक्के हातात आलेले असतात, आणि तिची चांगली माणसं दुसऱ्या प्रकल्पावर गेलेली असतात. त्यापेक्षा हप्ते मोजता येतील अशा गोष्टींना बांधावेत: नमुना स्थलांतर मान्य झाल्यावर एक, पहिल्या तालमीची मोजणी जुळल्यावर एक, साइट सुरू झाल्यावर एक, आणि पंधरा-वीस टक्के सुरू झाल्यानंतरचे नव्वद दिवस पार पडल्यावर.

त्या नव्वद दिवसांचाही करार नीट शब्दांत हवा. ठरलेलं काम चुकलेलं असेल, तर दुरुस्ती फुकट. नवं काही हवं असेल, तर वेगळं बिल. लेखाचं छायाचित्र दिसत नाही, ही चूक. लेखाखाली व्हॉट्सॲपचं बटण हवं, हे नवं काम. ही रेघ न आखल्यामुळे सुरुवातीच्या महिन्यांत दोन्ही बाजूंचे संबंध बिघडतात आणि खऱ्या चुकाही मागे पडतात. त्यानंतरची देखभाल, म्हणजे एएमसी, हिच्यात सॉफ्टवेअरच्या सुधारणा, रोजचा बॅकअप आणि तो बॅकअप खरंच परत उभा राहतो का याची तिमाही चाचणी, हे तिन्ही लिहून घ्यावं. डोमेन संस्थेच्याच नावावर असावं, त्याचा पासवर्ड कंपनीतल्या एका माणसाच्या ईमेलवर अडकलेला नसावा. आणि जुनी साइट, कुणालाही बदल करता येणार नाही अशा स्थितीत, किमान सहा महिने चालू ठेवण्याचं भाडंही अंदाजपत्रकात धरावं. नव्या साइटवर चुकलेला लेख ताडून पाहायला तीच एक जागा असते.