गप्पा पुसल्या, नोंद उरली

जून २०२४च्या अखेरीस भारतातल्या व्हॉट्सॲपमध्ये एक निळं-जांभळं वर्तुळ दिसू लागलं. ते दाबलं की ‘मेटा एआय’शी गप्पा सुरू. सुरुवातीला लोकांनी त्याला उपवासाचे पदार्थ विचारले, मुलांच्या निबंधासाठी मुद्दे मागितले. मग घरातही उघडपणे बोलत नाहीत अशा गोष्टी हळूहळू तिथे लिहिल्या जाऊ लागल्या. आजार, कर्ज, नात्यातले तणाव. या लेखांकाचा विषय एवढाच आहे की, असं लिहिलेलं नंतर पुसायचं ठरवलं तर नेमकं कुठे कुठे पुसावं लागतं.

समजा, सांगलीतल्या एका शिक्षिकेने दोन संध्याकाळी मेटा एआयला बरंच काही विचारलं. सासूबाईंना नुकतंच इन्सुलिन सुरू झालंय, तर त्यांना सणाच्या जेवणात काय चालेल? आणि घराच्या कर्जाचे दोन हप्ते थकलेत, बँकेला मुदत मागणारं पत्र कसं लिहायचं? काम झालं. चार दिवसांनी फोन मुलाच्या हातात जाणार म्हणून त्यांनी यादीतली ती चॅट दाबून धरली, वर आलेल्या कचराडब्याच्या चिन्हावर बोट ठेवलं आणि ती डिलीट केली. चॅट यादीतून गेली. मुलाच्या नजरेपासून ती खरोखरच सुटली. पण पुसलं गेलं ते फक्त फोनवरचं.

याचं कारण व्हॉट्सॲपच्या रचनेत आहे. दोन माणसांमधले निरोप एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्टेड असतात, म्हणजे ते त्या दोघांच्या फोनवरच वाचता येतात, मधल्या कंपनीला नाही. मेटा एआयशी बोलताना मात्र समोरचा पक्ष कंपनीच असते. उत्तर तयार करायला प्रश्न तिच्या सर्व्हरवर वाचावाच लागतो आणि तिथे त्याची प्रत राहते. नेहमीच्याच खिडकीत, नेहमीच्याच हिरव्या फुग्यात आपण लिहितो, म्हणून हा फरक जाणवत नाही. या रचनेतला सगळ्यांत फसवा भाग हाच आहे.

सर्व्हरवरची प्रत पुसण्यासाठी मेटाने एक आज्ञा दिली आहे. ती मेटा एआयच्याच चॅटमध्ये, नेहमीचा निरोप लिहावा तशी टाइप करून पाठवायची:

```
/reset-ai
```

सुरुवातीची तिरकी रेघ, मधली आडवी रेघ, सगळी अक्षरं लहान आणि मध्ये कुठेही जागा नाही. मराठी कीबोर्ड चालू असेल तर आधी तो इंग्रजीवर आणावा लागतो. फोनची आपोआप दुरुस्ती मध्येच जागा घालत नाही ना, हेही पाठवण्याआधी बघावं. आज्ञा नीट गेली की रीसेट झाल्याचं कळवणारा छोटा निरोप येतो. त्याऐवजी रीसेट म्हणजे काय याचं लांबलचक स्पष्टीकरण आलं, तर तो निरोप आज्ञा म्हणून ओळखलाच गेला नाही, असं समजायचं आणि पुन्हा नीट टाइप करायचं. आणखी एक गोष्ट लोकांना चकवते. रीसेट झाल्यावरही जुन्या गप्पा पडद्यावर तशाच दिसत राहतात, कारण फोनवरची प्रत ही आज्ञा पुसत नाही. म्हणूनच शिक्षिकेने आधी आज्ञा पाठवायला हवी होती आणि चॅट नंतर डिलीट करायला हवी होती. आधी चॅट डिलीट झाली असली तरी बिघडत नाही. वर्तुळ दाबून नवी चॅट उघडावी आणि तिथे आज्ञा द्यावी.

फोन आणि सर्व्हरनंतर आता तिसरी जागा. २७ जानेवारी २०२५ रोजी मेटाने जाहीर केलं की, मेटा एआय वापरणाऱ्यांबद्दलच्या काही गोष्टी लक्षात ठेवेल. सुरुवात अमेरिका आणि कॅनडापासून झाली. कंपनीने दिलेलं उदाहरण साधं होतं: त्याने न्याहारीला ऑम्लेट सुचवलं आणि तुम्ही आपण व्हीगन असल्याचं सांगितलं, तर पुढच्या पाककृती सुचवताना ते ध्यानात ठेवलं जाईल. हे ‘ध्यानात ठेवणं’ म्हणजे काय, ते समजून घ्यायला हवं. भाषेचं मॉडेल एका प्रश्नाकडून दुसऱ्या प्रश्नाकडे स्वतःहून काही नेत नाही. आपल्याबद्दलच्या छोट्या नोंदी वेगळ्या साठवलेल्या असतात आणि नवा प्रश्न आला की त्या सोबत जोडल्या जातात. डॉक्टर पेशंटला आत बोलावण्याआधी केसपेपरवर नजर टाकतात, तसंच काहीसं. म्हणूनच गप्पा एकीकडे आणि त्यांतून काढलेली नोंद दुसरीकडे, असं होऊ शकतं.

ही सोय जिथे चालू आहे तिथे मेटा एआयच्या चॅटमध्ये वरच्या नावावर बोट ठेवल्यावर उघडणाऱ्या पानावर Memory असा पर्याय सापडतो. आत नोंदींची यादी असते. शिक्षिकेच्या यादीत ‘घरात मधुमेहाचा रुग्ण आहे’ अशा धर्तीची एखादी ओळ निघू शकते. ती तिथूनच काढायची. रीसेट केलं म्हणजे नोंदीही गेल्या, असं गृहीत धरू नये. यादी उघडून डोळ्यांनी बघावी. आणि माझ्याबद्दल काय आठवतं, असं चॅटबॉटलाच विचारून खात्री करून घेण्यात फारसा अर्थ नाही. तो उत्तर रचतो, कपाट उघडून दाखवत नाही.

पुसण्याच्या पलीकडे राहतं ते दोन प्रकारचं. गप्पा मॉडेल सुधारण्यासाठी वापरल्या जाऊ शकतात, असं मेटाचं धोरण सांगतं. प्रशिक्षणात एकदा वापरलेला मजकूर नंतरच्या रीसेटने मॉडेलमधून वेचून काढता येत नाही. दुसरं जाहिरातींचं. १६ डिसेंबर २०२५ पासून मेटा एआयशी झालेल्या संवादांवरून फेसबुक-इन्स्टाग्रामवरचा मजकूर आणि जाहिराती ठरवल्या जाऊ लागल्या. यातून सुरुवातीला युरोपीय संघ, ब्रिटन आणि दक्षिण कोरिया वगळले गेले. भारत त्या यादीत नव्हता. आरोग्य, धर्म, राजकीय मतं, लैंगिक कल असे विषय जाहिरातींसाठी वापरणार नाही, असं कंपनी म्हणते. म्हणजे सासूबाईंचं इन्सुलिन या विषयांत बसतं. थकलेला हप्ता बसत नाही. पैशाच्या अडचणीत असलेल्या माणसाला झटपट कर्जाच्या जाहिराती किती सहज गाठतात हे ज्याने पाहिलं आहे, त्याला ही उणीव खटकल्याशिवाय राहणार नाही.

यात शिक्षिकेच्या हातात एक गोष्ट आहे. व्हॉट्सॲप खातं मेटाच्या Accounts Center मध्ये जोडलेलं नसेल, तर व्हॉट्सॲपवरच्या एआय-गप्पा फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या अशा निवडीसाठी वापरल्या जात नाहीत. सेटिंग्जमध्ये जाऊन ते एकदा तपासावं.

आपल्या कायद्याने माहिती पुसून मागण्याचा हक्क दिला आहे: डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३, कलम १२. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, पण नागरिकांच्या हक्कांची मुख्य कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. तोवर कंपनीने दिलेल्या बटणांवर आणि आज्ञांवरच भागवावं लागणार.

राहिले ग्रुप. तिथे @Meta AI असा उल्लेख करून लिहिलेलं मेटा एआयपर्यंत जातं, बाकीच्या गप्पा जात नाहीत. ग्रुपमधल्या संवादातून वैयक्तिक नोंदी केल्या जात नाहीत, असं मेटाने सोय जाहीर करतानाच सांगितलं होतं. आपल्या सगळ्या वैयक्तिक एआय-चॅट एकदम रीसेट करायला `/reset-all-ais` अशी आज्ञा आहे, पण ती ग्रुपला लागू होत नाही; प्रत्येक ग्रुपमध्ये वेगळं रीसेट करावं लागतं. शिक्षिकेच्या नणंदेने सासूबाईंच्या रिपोर्टमधले आकडे ‘आपलं कुटुंब’ ग्रुपवर मेटा एआयला उद्देशून टाकले असतील, तर शिक्षिकेच्या स्वतःच्या चॅटमधल्या साफसफाईने त्यांना धक्काही लागत नाही. अशा ग्रुपच्या माहितीच्या पानावर Advanced chat privacy चालू करून ठेवता येतं. एप्रिल २०२५ मध्ये आलेली ही सोय चालू असली की ग्रुपमधले निरोप एआयच्या सोयींसाठी वापरता येत नाहीत आणि पूर्ण चॅट बाहेर काढून नेण्याची वाटही बंद होते.