गॅस खरंच कमी झालाय का?

होळी झाली की एसीच्या मेकॅनिकचा फोन लागत नाही. लागला आणि तो आलाच, तर शिडीवर चढायच्या आधीच म्हणतो, "गॅस भरावा लागेल." दोन उन्हाळे मी मुकाट्याने पैसे मोजले. मग कळलं, की हा गॅस म्हणजे स्कूटरमधलं पेट्रोल नव्हे. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो, वापरून संपत नाही. कमी झालाच, तर कुठेतरी गळती असते.

म्हणून आता फोन करण्याआधी एक सकाळ मी स्वतः घालवते. आधी एमसीबी बंद, मगच इनडोअरचं झाकण उघडायचं. गेल्या मार्चमध्ये आतल्या जाळ्यांवर धुळीची गोधडीच होती. त्या नळाखाली उलट्या बाजूने धुवायच्या आणि सावलीत वाळवायच्या. गरम पाण्याने चौकट वाकली, तर खाचेत परत बसत नाही. जाळीमागच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांना मात्र हात लावू नये. त्या दबतात आणि बोटही कापतात. पाणी बाहेर नेणारी नळी कुठे मुडपली नाही ना, तिचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडलेलं नाही ना, एवढं पाहिलं की पुरे.

जाळ्या धुतल्यावर वारा जोरात आला, पण गार काही लागेना. मग स्वयंपाकघरातला साधा थर्मामीटर काढला. खिडक्या बंद केल्या, रिमोटवर १८ लावलं (खोली गार होत आली की इन्व्हर्टर एसी हळू चालतो, म्हणून इतकं खाली) आणि पंधरा-वीस मिनिटं थांबले. वरून आत जाणारी हवा ३१ अंश, खालून येणारी २६. हा फरक साधारण आठ ते बारा अंशांचा हवा. माझ्याकडे पाचच होता.

दोष आउटडोअरचा निघाला. आमचा तो बाल्कनीतच आहे. त्याच्या मागे कबुतरांनी काड्या रचल्या होत्या, पुढे मीच रिकामं खोकं टेकवून ठेवलं होतं. आतली उष्णता बाहेर टाकायला त्याला वाटच नव्हती. एमसीबी पुन्हा बंद करून, मास्क लावून, घाण ओली करून काढली आणि खोकं हलवलं. फरक दहावर आला. युनिट इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर असेल, तर खिडकीतून वाकून हे उद्योग करू नयेत.

एवढं करूनही फरक कमीच राहिला आणि बारीक नळीवर बर्फ धरू लागला, तर गॅसची शंका रास्त. जाळ्या तुंबल्या तरी आत बर्फ धरतो, म्हणून ही खूण धुण्याआधी पाहण्यात अर्थ नाही. तेव्हा मेकॅनिकला बोलवावं आणि म्हणावं, "दादा, आधी गळती कुठे आहे ते दाखवा, मग भरा."