ढीग थंड झाला, पण खत झालं का?

कपाशीची शेवटची वेचणी आटोपली की वर्धा जिल्ह्यातल्या शेतांत उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग लागतात. सोबत तुराट्या असतात, सोयाबीनचं कुटार असतं. यातलं बरंचसं चुलीत नाहीतर बांधावर जळून जातं. ज्यांना त्याचं खत करायचं असतं, त्यांची एक फसगत नेहमी होते. भरलेला ढीग दोन-तीन दिवसांत वाफाळतो, काही दिवस तापलेला राहतो, मग निवतो, आणि निवला म्हणजे खत झालं असं धरून तो शेतात पसरला जातो. ढीग निवण्याची कारणं मात्र एकाहून जास्त आहेत, आणि त्यातलं एकच कारण खत होत आल्याचं असतं.

ढिगाला ताप येतो तो सूक्ष्मजीवांच्या श्वसनातून. साखर, स्टार्च, प्रथिनं असा मऊ माल आधी संपतो. तो खाणारे जिवाणू आणि बुरशा आपल्याला सोसवेल अशाच तापमानात, म्हणजे साधारण २० ते ४० अंश सेल्सिअसमध्ये, जोमानं वाढतात. यांना मेसोफाइल म्हणतात. त्यांच्या कामातून आम्लं तयार होतात, म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांत ढिगाला किंचित आंबूस वास येतो. खाताना सुटलेली उष्णता ढिगाच्या पोटातून लवकर बाहेर पडत नाही. पारा ४५च्या पुढे गेला की हेच जीव मरू लागतात किंवा बीजाणू करून गप्प बसतात. आपणच पेटवलेल्या तापानं त्यांची जागा जाते.

ती जागा थर्मोफाइल घेतात. शेणात, मातीत, काडीकचऱ्यावर ते आधीपासून थोड्या संख्येनं पडून असतात, फक्त त्यांना हवी तेवढी ऊब नसते. ५० ते ६० अंशांत बॅसिलस कुळातले जिवाणू, थर्मोमायसिससारख्या उष्णताप्रिय बुरशा आणि ॲक्टिनोमायसिट्स जोरात असतात. ढिगाच्या पृष्ठभागाखाली वीतभर खणलं तर काड्यांवर राख भुरभुरल्यासारखे करडे-पांढरे पट्टे दिसतात. ते ॲक्टिनोमायसिट्सचं काम. सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज, म्हणजे काडीचा बराचसा भाग, याच टप्प्यात फुटतो. (हे पट्टे कोरडे असताना ढीग उकलला तर उडणारी धूळ फुप्फुसाला बाधते. पाणी शिंपडून आणि नाकाला रुमाल बांधूनच हात घालावा.) ६० अंशांच्या वर बुरशा थांबतात, आणि ७०च्या आसपास मोजके जिवाणूच टिकतात. म्हणजे ताप जितका जास्त तितकं काम जास्त, हेही खरं नाही. रोगजंतू आणि तणांचं बी मारायला ५५ अंश पुरतात. मात्र ते काही दिवस सलग टिकले पाहिजेत, आणि ढिगाचा प्रत्येक भाग कधी ना कधी त्या पोटात गेला पाहिजे. बाहेरच्या वीतभर थरातलं गाजरगवताचं बी पलटी न मारल्यास जिवंतच राहतं.

ढिगाच्या या तापाची नेमकी नोंद झाली ती इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत. आल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी तिथे १९२०च्या दशकात जे काम केलं, त्याचं पुस्तक १९३१ साली निघालं. त्यांच्यापुढचा कचरा आपल्या ओळखीचाच होता, पऱ्हाटी आणि तुराट्या. या टणक काड्या ते आधी शेतातल्या रस्त्यांवर पसरत आणि बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत. मग त्या गोठ्यात जनावरांखाली अंथरत, म्हणजे त्या मूत्र शोषून घेत. त्यानंतर शेणकाला, मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख घालून थर रचत. उन्हाळ्यात खड्ड्यात, पावसाळ्यात जमिनीवर. ही पद्धत विदर्भात अनोळखी नव्हती. १९३५ साली गांधीजी वर्ध्याला मगनवाडीत राहत होते, आणि त्याच वर्षी ‘हरिजन’मधून त्यांनी तिची माहिती दिली.

हॉवर्ड आणि वाड यांची तापमानाची नोंद पाहण्यासारखी आहे. ढीग सुरुवातीलाच ६५ अंशांच्या आसपास जातो आणि ९० दिवसांनी ३३ अंशांवर येतो. उतार मात्र सरळ नाही. अंदाजे दोन आठवड्यांनी, महिन्यानं आणि दोन महिन्यांनी पलटी दिली जाते. प्रत्येक पलटीआधी काम मंदावतं, पारा घसरतो. पलटी झाली की तो पुन्हा चढतो, कारण आत हवा जाते आणि बाहेरचा कच्चा माल पोटात येतो. खाणं शिल्लक असूनही ढीग निवला होता, प्राणवायू संपला म्हणून.

दुसरं कारण पाणी. आपल्या भागात हेच अधिक भोवतं. सूक्ष्मजीव पाण्याच्या पातळ थरात राहून खातात, म्हणून ढिगात निम्म्याहून थोडी जास्त ओल लागते. ती एक तृतीयांशाच्या खाली गेली की काम जवळजवळ थांबतं. एप्रिल-मे महिन्यात बाहेरचंच तापमान ४५ अंशांवर जातं, वरून वारा. ढीग आतल्या तापानं आणि बाहेरच्या उन्हानं दोन्हीकडून वाळतो. वाळलेला ढीग तयार खतासारखाच शांत दिसतो. मूठभर माल पिळून पाहावा. बोटांत एखादा थेंब उमटला तर ओल बरोबर. काहीच आलं नाही आणि मूठ उघडताच माल विस्कटला तर तो तहानलेला आहे. घळाघळा पाणी गळलं आणि कुजका वास आला तर उलटं झालंय, हवा कोंडली आहे.

म्हणून परीक्षा सोपी आहे. लोखंडी सळई ढिगाच्या मध्यापर्यंत दहा मिनिटं खुपसून ठेवायची. बाहेर काढल्यावर ती हातात धरवत नसेल तर थर्मोफाइल कामावर आहेत. सळई गार निघाली तर पलटी द्यायची, लागेल तेवढं पाणी शिंपडायचं आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाहायचं. ढीग तापला तर खाणं शिल्लक होतं. पुरेशी ओल आणि हवा देऊनही तो तापला नाही, तेव्हाच मऊ माल संपला असं म्हणता येतं. यालाही एक अपवाद आहे. नुसत्या पऱ्हाटीचा ढीग मुळातच तापत नाही, कारण त्यात नायट्रोजन फार कमी. कार्बन आणि नायट्रोजनाचं प्रमाण सुरुवातीला २५ ते ३० ला एक यावं इतकं शेण, मूत्र किंवा हिरवा पाला लागतो. हात सैल सुटून नायट्रोजन फार झाला तर तो अमोनियाच्या उग्र वासानं उडून जातो.

मऊ माल संपल्यावर मेसोफाइल परततात. काही बाहेरच्या थंड कडांवरून आत सरकतात, काही बीजाणूंतून जागे होतात, काही मातीतून येतात. पण पहिल्या दिवसांतले साखरखाऊ आता फारसे नसतात. पऱ्हाटीतलं लाकडासारखं लिग्निन सावकाश फोडणाऱ्या बुरशा येतात, ढिगावर कधी छोट्या छत्र्या उगवतात. तापात न टिकणारे नायट्रिफाय करणारे जिवाणू ४० अंशांच्या खाली कामाला लागतात आणि अमोनियाचं नायट्रेट करतात. गांडुळंही याच वेळी आत शिरतात. हा शांत टप्पा महिनाभर तरी लागतो, आणि घाईत तोच कापला जातो.

हे सगळं पलटी दिलेल्या ढिगाचं झालं. पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांच्या नाडेप टाक्यात पलटीच नाही. विटांच्या भिंतीत भोकं ठेवून हवा देतात आणि काडीकचऱ्याइतकीच माती घालतात. मेहनत वाचते, पण माती स्वतः तापत नाही, उलट उष्णता शोषते. त्यामुळे बी आलेलं गाजरगवत तिथे टाकू नये.

अर्धकच्चं खत जमिनीत गेलं की उरलेली काडी फोडायला सूक्ष्मजीव जमिनीतला नायट्रोजन ओढतात. कपाशी दोन-चार पानांवर असतानाच पिवळी पडते, आणि दोष बियाण्यावर जातो. मृगाला खत हवं असेल तर पऱ्हाटी फेब्रुवारीच्या शेवटी चिरडून भरावी लागते. मार्चच्या शेवटी भरलेल्या ढिगाला मृगापर्यंत सत्तरच दिवस मिळतात, तेव्हा ते खत रब्बीच्या हरभऱ्यासाठी राखून ठेवावं.