गृहपाठ आणि वाचता न येणारी आई

पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतली असंख्य कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतात. मुलं कोपीवर सोबत जातात, नाहीतर आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. त्याच वेळी नगर शहरातल्या नोकरदार घरात आई-बाबा रोज वही घेऊन बसतात. त्यामुळे एक समज घट्ट झाला आहे: अभ्यास घ्यायचा तर पालक शिकलेलेच हवेत, आणि ते जितका घेतील तितकं चांगलं.

शिकलेले पालक शेजारी बसले की प्रगती होतेच?

तसं दिसत नाही. पटॉल, कूपर आणि रॉबिन्सन यांनी 2008 मध्ये या विषयावरची संशोधनं एकत्र तपासली. पालकांच्या सहभागाचा प्राथमिक वर्गांत चांगल्या निकालांशी संबंध दिसला, पण मधल्या इयत्तांत आणि गणितात तो उलटा होता. एक कारण साधं असू शकतं. मूल मागे पडलं की पालक जास्त शिकवायला लागतात. अभ्यासाची वेळ आणि नियम ठरवून देण्याचा संबंध मात्र इतर प्रकारच्या मदतीपेक्षा अधिक चांगला निघाला, आणि त्याला पदवी लागत नाही.

तिसरीतल्या मुलाने 52 मधून 27 वजा करून 35 लिहिले, असं समजा. एककात 2 मधून 7 जात नाहीत, म्हणून त्याने 7 मधून 2 काढले. शिकलेली आई घाईत 25 लिहायला लावते. वही बरोबर होते, पण चूक डोक्यात तशीच राहते आणि बाईंनाही ती दिसत नाही. बाजारात कांदे विकणारी, अक्षरओळख नसलेली आई विचारते, "बावन्न रुपयांतले सत्तावीस दिले, तर पस्तीस उरतील का रे? सत्तावीस आन् पस्तीस किती झाले?" बासष्ट! मूल स्वतःच थबकतं. इथून दशक सुटा करायला शिकवणं हे शाळेचं काम.

निरक्षर आईच्या हातात काहीच नाही?

बिहार आणि राजस्थानातल्या खेड्यांमध्ये 'प्रथम' या संस्थेने काही आयांना साक्षरता वर्ग दिले, काहींना मुलांसोबत घरी करायच्या कृती दिल्या, काहींना दोन्ही. बॅनर्जी, बेरी आणि शॉटलँड यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांच्या गणितात सुधारणा आढळली. ती छोटी होती, हेही सांगायला हवं. आईचा सहभाग शिक्षकाची जागा भरून काढत नाही.

वही कोरी, म्हणजे पालकांना पर्वा नाही?

हा समज मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. पहाटे फडात गेलेली बाई अंधार पडल्यावर कोपीवर येते, मग चूल पेटवते. तिच्याकडे वेळ आणि उजेड दोन्ही नसतात. पैसेवाल्या घरात हीच उणीव शिकवणी लावून भरून निघते. 2020 च्या केंद्रीय दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठच नको, आणि तिसरी ते पाचवीसाठी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. तेवढ्या वेळात मुलाला एकट्याला जमेल, मोठ्यांनी फक्त "कसं केलंस, सांग" एवढंच विचारावं, असा गृहपाठ शाळेने दिला, तर तो कोपीवरही होऊ शकतो.