अंदाज बरोबर, तारीख चुकली

3 जून 2024 च्या सोमवारी निफ्टी 23,263 वर बंद झाला. दुसऱ्या दिवशी लोकसभेचा निकाल लागला आणि बाजार जवळजवळ सहा टक्क्यांनी कोसळला. बुधवारी सावरला, गुरुवारी आणखी थोडा वर आला आणि शुक्रवारी, 7 जूनला, 23,290 वर बंद झाला. म्हणजे सोमवारी होता तिथेच, किंबहुना चार पावलं पुढे. इंडेक्स फंडात पैसे ठेवून जो त्या आठवड्यात गावी लग्नाला गेला होता, त्याला परत आल्यावर काही झालं होतं हे कळलंही नसेल. त्याच आठवड्यात हिंजवडीतल्या एका तरुणाचे दोन लाख रुपये साफ झाले. निफ्टी 24,000 वर जाणार हा त्याचा अंदाज होता. तो खराही ठरला, पण 27 जूनला.

या तरुणाला आपण समीर म्हणू. तो गोष्टीतला आहे. बाजाराचे आकडे मात्र खरे आहेत, आणि असे समीर हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यात शोधायला फार फिरावं लागत नाही. वय 27, मूळचा सांगलीचा, वाकडला दोन मित्रांबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारा, हातात येणारा पगार 85 हजार. वाईट पगार नव्हे. पण टीममधल्या एकाने ताथवड्यात फ्लॅट बुक केलेला, दुसरा ऑनसाइट गेलेला, आणि जेवणाच्या सुट्टीत तिसरा मोबाइल पुढे करून हिरवा आकडा दाखवायचा. पगारवाढ वर्षातून एकदा, तीही आठ-नऊ टक्के. तोच हिरवा आकडा दहा मिनिटांत दुप्पट होताना दिसला की पगार हा प्रकारच संथ वाटू लागतो.

31 मेच्या शुक्रवारी समीरने साठ हजारांचे निफ्टीचे कॉल घेतले. शनिवारी संध्याकाळी एक्झिट पोल आले, सोमवारी बाजार उसळून उघडला आणि साठ हजारांचे दीड लाख झाले. नव्वद हजारांचा नफा, महिन्याच्या पगारापेक्षा जास्त, तोही स्टँडअप मीटिंग संपायच्या आत. माझ्या मते त्याचं खरं नुकसान या सोमवारी झालं. पहिल्या फटक्याला तोटा होतो ते बहुतेक शहाणे होतात. पहिल्याच फटक्याला नफा झालेल्याला आपल्याला काहीतरी कळतं असं वाटू लागतं.

त्याने कॉल विकले, दीड लाखात आणखी पन्नास हजार घातले आणि त्याच दुपारी 23,500 चे कॉल घेतले. मुदत गुरुवार, 6 जून. हे नेमकं काय असतं ते जरा सावकाश पाहायला हवं, कारण सगळी गोम इथेच आहे.

फ्लॅट घेताना आपण विसार देतो. ठरलेल्या तारखेच्या आत ठरलेल्या किमतीला घ्यायचा हक्क आपला, पण ती तारीख टळली तर विसार बुडाला. कॉल ऑप्शन साधारण तसाच. निफ्टी गुरुवारपर्यंत 23,500 च्या वर जेवढा जाईल तेवढे रुपये मला मिळावेत, या हक्कासाठी आज जी रक्कम मोजायची ती म्हणजे प्रीमियम. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून तो 250 रुपये धरू. तेव्हा निफ्टीचा एक लॉट 25 चा होता, म्हणजे एका लॉटला 6,250 रुपये. दोन लाखांत 32 लॉट आले, एकूण 800 नग.

समीरने कॉपीच्या पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. निफ्टी 24,000 झाला तर नगामागे 500, म्हणजे चार लाख. 24,500 झाला तर आठ लाख. न झालाच तर जास्तीत जास्त दोन लाख जातील, त्याहून जास्त नाही. हिशेबात एकही चूक नव्हती. फक्त दोन गोष्टी कागदावर आल्या नव्हत्या. एक, गुरुवारी निफ्टी 23,500 च्या पुढे जाऊनही 23,750 ओलांडत नाही तोवर तो तोट्यातच राहणार होता, कारण 250 आधीच खर्च झाले होते. दुसरी, त्या 250 रुपयांपैकी एक रुपयाही त्या क्षणी 'आतला' नव्हता. निफ्टी 23,500 च्या खालीच होता. त्याने जे विकत घेतलं होतं ते सगळंच्या सगळं काळ आणि अनिश्चितता होतं. निकालाच्या आदल्या दिवशी अनिश्चितता महाग असते. निकाल लागला की तिची किंमत पडते, आणि बाजार वर गेला तरी कधीकधी कॉलचा भाव खाली येतो तो यामुळेच. नवख्याला हे अन्यायाचं वाटतं, पण ते त्या किमतीतच लिहिलेलं असतं.

मंगळवारी बाजार वर गेलाच नाही. भर दुपारी निफ्टी आदल्या दिवसापेक्षा जवळजवळ दोन हजार अंकांनी खाली होता. समीर मीटिंगमध्ये होता. कॅमेरा बंद, आवाज म्यूट, लॅपटॉपच्या आड मोबाइल. 250 चा कॉल पन्नासवर, मग वीसवर, मग काही रुपयांवर. विकावा तर हातात येणार काय, म्हणून विकला नाही. गुरुवारी निफ्टी 22,821 वर बंद झाला आणि कॉलचं मूल्य शून्य झालं. शेअर असता तर धीर धरून बसता आलं असतं. इथे धीर धरायची सोयच नव्हती, कारण कागदावर तारीख छापलेली होती. 27 जूनच्या मुदतीचा कॉल घेतला असता तर? तो बराच महाग पडला असता, दोन लाखांत लॉट कमी आले असते आणि आठ लाखांचं चित्र कागदावर उमटलंच नसतं. स्वस्त म्हणून जे घेतलं जातं ते स्वस्त असतं, कारण त्यात दिवसच कमी असतात.

यापुढची गोष्ट लवकर संपवतो, कारण ती सगळ्यांची सारखीच असते. गेलेले दोन लाख 'रिकव्हर' करायचे म्हणून समीरने बँकेच्या ॲपवर तयारच असलेलं पाच लाखांचं पर्सनल लोन घेतलं. व्याज 14 टक्के, मुदत तीन वर्षं, हप्ता सतरा हजारांच्या थोडा वर. त्या काळात कुठल्या ना कुठल्या निर्देशांकाची मुदत रोज संपायची. सोमवारी मिडकॅप, मंगळवारी फिन निफ्टी, बुधवारी बँक निफ्टी, गुरुवारी निफ्टी, शुक्रवारी सेन्सेक्स. मुदतीच्या दिवशी दुपारी दोननंतर दोन-पाच रुपयांचे कॉल-पुट घ्यायचे, लागला तर वीस, नाही तर शून्य. बाजारात याला 'हीरो-झिरो' म्हणतात. ऑक्टोबर संपेपर्यंत लोनचे पाचही लाख गेले.

तो एकटा नव्हता. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी 93 टक्क्यांना तोटा झाला होता. खर्च वजा जाता एक लाखाच्या वर नफा मिळवणारे होते फक्त एक टक्का. पण सॉफ्टवेअरवाल्याने वाचायला हवी ती ओळ वेगळीच आहे. नफा गेला तो परदेशी संस्था आणि दलाल पेढ्यांच्या स्वतःच्या खात्यांकडे, आणि त्यातला 95 टक्क्यांहून जास्त अल्गोरिदमने केलेल्या व्यवहारांतून आलेला होता. समीर दिवसभर ज्या प्रकारचं काम करून पगार घेत होता, त्याच प्रकारचं काम करणारी माणसं आणि यंत्रं समोरच्या बाजूला बसली होती, आणि तो अंगठ्याने बटण दाबून त्यांच्याशी खेळत होता.

त्याच नोव्हेंबरपासून सेबीच्या नियमानुसार प्रत्येक एक्स्चेंजला एकाच निर्देशांकाची साप्ताहिक मुदत ठेवता येऊ लागली, लॉटही मोठे झाले. समीर थांबला तो मात्र पैसे संपले म्हणून. सुरुवातीचा धीर हा बहुतेक वेळा असाच येतो, आणि त्याला कमी लेखायचं कारण नाही.

वडिलांच्या ओळखीचे एक सीए सांगलीत आहेत. पुढच्या वर्षी विवरणपत्र भरायच्या वेळी समीरने ब्रोकरकडून आलेला हिशेब त्यांच्यापुढे ठेवला. काकांनी चष्मा वर करून शेवटचं पान आधी काढलं.

“एकूण तोटा सहा लाख दहा हजार. पण हे बघ, यातले चौऱ्याऐंशी हजार बाजारात गेलेलेच नाहीत. ब्रोकरेज, एसटीटी, जीएसटी, स्टँप. ऑर्डर किती केल्यास रे?”

“मोजल्या नाहीत, काका.”

“यात मोजल्यात. पंधराशेच्या वर.”

मग त्यांनी हप्त्यांचं गणित काढून दिलं. आधी लोन. 14 टक्क्यांचं कर्ज लवकर फेडणं म्हणजे 14 टक्क्यांची खात्रीची कमाई, असा परतावा देणारी ठेव कुठलीही बँक देत नाही. मग सहा महिन्यांचा खर्च बाजूला. त्यानंतर महिना दहा हजारांची एसआयपी, साध्या इंडेक्स फंडात. वर्षाला 11 टक्के धरले, आणि हे धरलेलेच आहेत, कुणी लिहून दिलेले नाहीत, तर पहिल्या वर्षाअखेर वाढ दिसेल सात हजारांच्या आसपास. सोमवारच्या नव्वद हजारांपुढे हसू येईल इतकी. दहाव्या एका वर्षातली वाढ मात्र सव्वादोन लाखांच्या जवळ जाते, हप्ता तोच असूनही. अवघड भाग पहिल्या तीन-चार वर्षांचा, जेव्हा ॲप उघडून बघण्यासारखं काहीच नसतं, आणि कधीकधी आकडा लालच असतो. 2024 च्या सप्टेंबरअखेरीपासून फेब्रुवारी 2025 अखेरपर्यंत निफ्टी 15 टक्क्यांहून जास्त घसरला, तेव्हा नव्याने सुरू केलेल्या किती एसआयपी बंद झाल्या असतील!

“आणि हा तोटा करात वजा होईल ना?” समीरने विचारलं. ही त्याची शेवटची आशा होती.

“पगारातून नाही. हा धंद्यातला तोटा धरतात. त्या वर्षीच्या व्याजातून, भाड्यातून वजा होईल, पगारातून नाही. मुदतीत आयटीआर-3 भरलास तर पुढे आठ वर्षं ओढता येईल, पण तेव्हा फक्त धंद्याच्या किंवा व्यवसायाच्या नफ्यातून.”

“म्हणजे तो वापरायचा तर परत ट्रेडिंग करून नफा मिळवायला हवा?”

“तेवढ्यासाठी बाजारात उतरणारे माझ्याकडे चौघं आहेत. तिघांचा तोटा वाढलाय,” काका म्हणाले. “शनिवार-रविवारी बाहेरची कामं घेतलीस तरी चालेल, त्या उत्पन्नातून वजा होईल. तुमच्या कंपनीच्या नेमणूकपत्रात बाहेरचं काम चालतं का, तेवढं घरी जाऊन बघ.”

समीरने तिथेच मोबाइलवर नेमणूकपत्र उघडलं. चालत नव्हतं.