तर्री नको म्हणणारा वामन

नागपुरी तर्री-पोह्याच्या गाडीवर उभा राहून एखादा माणूस 'तर्री नको, सुके दे' म्हणाला, तर सोबतचे मित्र थट्टा करतात. आमच्या पथनाट्याची सुरुवात याच थट्टेने होते. वामन हा तालुक्याच्या गावातला ऑटोवाला. दिवसभर गालात खर्रा. गेले काही आठवडे तो तिखट टाळतो, एकाच बाजूने चावतो आणि बोलताना तोंडावर दुपट्टा धरतो. कुणी विचारलं तर दाढ दुखते म्हणतो. त्याच्या गालाच्या आत एक छाला आहे आणि तो त्याने कुणालाही दाखवलेला नाही, बायकोलाही नाही. पंधरा मिनिटांच्या या नाटकात फक्त हा छाला बाहेर येतो. तरीही संहिता लिहिणं सोपं नव्हतं.

पहिली अडचण अगदी साधी. छाला गालाच्या आत, अर्ध्या इंचाचा. प्रेक्षक वीस-पंचवीस फुटांवर, बाजाराच्या गोंगाटात, निम्मे उभे आणि निम्मे चालते. त्यांना तो दिसणार कसा? मोठे रंगीत फोटो दाखवण्याचा मोह होतो, पण कुजलेल्या जबड्याचा फोटो पाहिला की लोक मान फिरवतात, आणि ज्याच्या तोंडात खरोखर काही आहे तो सगळ्यांत आधी फिरवतो. म्हणून छाल्यालाच पात्र केलं. लाल कापड गुंडाळलेला एक नट वामनच्या मागे मागे फिरतो. इतर पात्रांना तो दिसत नाही, प्रेक्षकांना दिसतो. प्रत्येक प्रवेशात त्याचं कापड थोडं मोठं होतं. तो वामनला धमकावत नाही, लाडीगोडी लावतो.

छाला : मी दुखतो का तुले?
वामन : नाही.
छाला : मंग? दुखतच नाही त कायले सांगतं कोणाले?

या तीन ओळींत नाटकाचं वैद्यकीय मर्म आहे. कधी ना कधी आपल्या सगळ्यांचं तोंड येतं. तो साधा छाला भयंकर झोंबतो, जेवू देत नाही आणि बहुतेक वेळा आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप बरा होतो. कॅन्सरची सुरुवात असलेली जखम मात्र पहिल्या काळात अनेकदा दुखतच नाही. ती नुसती राहते. दुखणं वाढलं की डॉक्टरकडे जायचं, हा आपला नेहमीचा हिशोब इथे उलटा पडतो, कारण दुखायला लागेपर्यंत ती बरीच आत गेलेली असू शकते. त्यामुळे दुखतं का, या प्रश्नापेक्षा कधीपासून आहे, हा प्रश्न मोलाचा. दोन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम डॉक्टरला दाखवायची. नाटक बघून घरी जाणाऱ्याच्या डोक्यात एवढी एक गोष्ट राहिली तरी पुरे.

वामनचा छाला खालच्या हिरडीच्या आणि गालाच्या मधल्या खोबणीत आहे. ती जागा ठरवून निवडली. खर्रा, मावा किंवा मळलेल्या तंबाखूचा बार माणूस तासन्‌तास तिथेच दाबून ठेवतो आणि आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर फार मोठ्या प्रमाणात त्याच जागी होतो. तिखट न सोसण्याचं कारण मात्र वेगळं असू शकतं. सुपारीने गालाची आतली कातडी हळूहळू पांढुरकी, कडक आणि दोरीसारखी ताठ होते, तोंडाची आग होते आणि जबडा पूर्ण उघडेनासा होतो. आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या दातांच्या मधे जातात का, हे कुणालाही करून बघता येतं. जात नसतील तर जखम नसली तरी दाखवायला हवं. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही निर्दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2004 मध्ये सुपारीला स्वतंत्रपणे कॅन्सरकारक ठरवलं. नाटकात हे सगळं सांगत बसलो नाही. एका प्रवेशात वामन बोटं घालून बघतो, दोनच जातात आणि छाला टाळ्या वाजवतो.

खरी मेहनत लागली ती मित्रांच्या समजावण्याला. वामनला तीन मित्र आहेत. पहिला, शंकर, थट्टा करतो, आणि थट्टेने माणूस आणखी मिटतो. दुसरा, बाबाराव, घाबरवतो. आरोग्याच्या बहुतेक पथनाट्यांत बाबारावचीच भाषा असते, म्हणून तो प्रवेश मुद्दाम लांब ठेवला आणि मुद्दाम फसवला.

बाबाराव : माह्या मामाचा अर्धा जबडा काढला लेका! सहा महिन्यांत गेला तो.
वामन : म्हणून त मी जात नाही!

इथे प्रेक्षक हसतात, आणि हसता हसता त्यांना वामनचं म्हणणं पटलेलंही असतं. तो मूर्ख नाही. त्याने जे पाहिलं त्यावरून त्याने अनुमान काढलं आहे : दवाखान्यात गेलेले लोक मेले. उशिरा गेले म्हणून मेले, हे त्या मामाच्या गोष्टीत कुणी सांगितलेलंच नाही. बाबारावच पुढे म्हणतो की तुकडा काढला, हत्यार लागलं की तो पसरतो. हा समज गावोगाव आहे. बायोप्सीनंतर रिपोर्ट येतो, रिपोर्टमध्ये कॅन्सर निघतो आणि लोक त्याचा दोष तपासणीला देतात. तोंडातल्या जखमेचा लहानसा तुकडा काढल्याने कॅन्सर पसरत नाही. तुकडा न तपासता वाट बघत राहिलं तर तो वाढतो. आमच्या नाटकात हे दंतचिकित्सक मॅडम सांगतात, तेही शेवटी आणि दोन वाक्यांत.

गाठ सुटते ती तिसऱ्या मित्रामुळे. गजानन स्वतःच खर्रा खाणारा. त्यामुळे त्याला उपदेश करताच येत नाही, आणि तेच त्याचं बळ. तो खर्रा थुंकतो, चूळ भरतो, मोबाइलचा टॉर्च वामनच्या हातात देतो.

गजानन : पहिले माह्या तोंडात पाह्य. काही दिसते का?
वामन : (बराच वेळ बघून) नाही ना बे.
गजानन : आता तुहं.
वामन : लोक पाहून राहिले.
गजानन : पाहू दे. त्याइच्याही तोंडात पाहू मंग.

हा प्रवेश सावकाश करायचा असतो. नट आठ-दहा वाक्यं खाऊन टॉर्चकडे धावला की नाटक पडतं. वामन गजाननच्या तोंडात बघतो तेव्हा बघण्याची पूर्ण रीत प्रेक्षकांसमोर होते. दोन्ही ओठ उलटून, दोन्ही गाल बोटाने बाजूला ओढून, हिरडीची खोबण, जीभ बाहेर काढून तिच्या दोन्ही कडा, जीभ वर उचलून खालचा भाग, मग टाळू. बघायचं ते न भरलेली जखम, पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, आणि बोट लावल्यावर कडक लागणारी कड किंवा गाठ. घरी आरशासमोर, उजेडात, कुणालाही हे जमतं. छाला याच वेळी पहिल्यांदा अस्वस्थ होतो, वामनचा दुपट्टा ओढून त्याचं तोंड झाकू पाहतो, आणि मित्रांना तो पहिल्यांदा दिसतो.

मग प्रश्न येतो, कधीपासून? वामनला तारीख आठवत नाही, आठवण्याचं कारणही नाही. तो म्हणतो, 'पोळ्याले होता.' गजानन आजूबाजूला बघतो. गावात सोनं लुटून झालेलं आहे. पोळा श्रावण अमावास्येला आणि दसरा आश्विन शुद्ध दशमीला, म्हणजे चाळीसेक दिवस झाले. गजानन बोटं मोजत दोन आठवड्यांवर थांबतो आणि उरलेले दिवस प्रेक्षकांना मोजायला लावतो. त्याआधी वामनने मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि लावायची जेल नेली होती, तेही इथेच बाहेर येतं. चार दिवस बरं वाटलं आणि दोन पाकिटं संपेपर्यंत महिना गेला. प्रत्यक्षातही उशीर बऱ्याचदा असाच होतो. माणूस काहीच करत नाही असं नसतं, काहीतरी करत राहतो.

कॅन्सर हा शब्द मित्रांच्या तोंडी आम्ही या प्रवेशात येऊ दिला नाही. ते रोग ओळखायला बसलेले नाहीत. त्यांना वामनला फक्त उद्या सकाळी ग्रामीण रुग्णालयात न्यायचं आहे. वामनची पुढची सबब रोजीची असते, आणि त्यावर शंकर म्हणतो, 'ऑटो मी चालवतो उद्या. रोजी तुहीच.' तीन मित्रांच्या सगळ्या बोलण्यात वामनला उठवतं ते हे वाक्य, असं मला वाटतं. उपचाराला शेत विकावं लागेल, ही भीती त्याच्यामागे असतेच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपी येतात, हे सूत्रधार एका वाक्यात सांगतो. योजनांची यादी वाचायला लागलं की घेर पातळ होतो.

दवाखान्यात मॅडमना वामनची एक टोकदार दाढही सापडते. दाढ घासून जखम होणं खरंच घडतं. तेवढंच असतं तर दाढ घासून दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं असतं. पण इथे कड कडक आहे, बाजूला पांढरा चट्टा आहे आणि चाळीस दिवस झालेत. म्हणून बधिर करण्याचं इंजेक्शन, लहानसा तुकडा, गरज पडली तर एखादा टाका, आणि काही दिवसांनी रिपोर्ट. रिपोर्ट काय आला, ते नाटक सांगत नाही. यावर आमच्या गटात भांडण झालं. वामन वाचला असं दाखवलं तर उशीर झालेल्या प्रेक्षकाला ती थाप वाटते. मेला असं दाखवलं तर बाबारावच खरा ठरतो. काहीच निघालं नाही म्हटलं, तर लोक निर्धास्त होऊन घरी जातात. शेवटी वामन गालात कापूस धरून बाहेर येतो, तिथे थांबलो. छाला त्या वेळी दवाखान्याच्या दारात उभा असतो, आत येऊ न शकलेला. काही ठिकाणी लोकांनी रिपोर्टचं विचारलंच. त्यांना सांगितलं की वामनला बुधवारी बोलावलंय.

नाटकापेक्षा त्यानंतरचा अर्धा तास अधिक कामाचा. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात 1996 मध्ये सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते घरोघर जाऊन उजेडात तोंड तपासत. 2005 मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले होते. डोळ्यांनी नीट बघण्याचा हा परिणाम. आपल्याकडेही तीस वर्षांवरच्यांची ही तपासणी आरोग्य उपकेंद्रात होते आणि आशाताई घरोघर त्याचा फॉर्म भरतात. म्हणून खेळाच्या दिवशी आशाताई किंवा आरोग्यसेवक टॉर्च घेऊन हजर असल्याशिवाय प्रयोग लावू नये. आणि त्यांना घेरात बसवू नये. पन्नास माणसांसमोर तोंड उघडायला कुणी येत नाही. शाळेची एखादी खोली किंवा देवळाची मागची पडवी मागून घ्यावी, आणि सूत्रधाराने मोठ्याने सांगावं की मित्राला सोबत घेऊन या, दोघांचंही बघू. एकटा आलेला माणूस बहुतेक वेळा 'नुसतं विचारायला आलो' म्हणतो. ज्याच्या तोंडात काही दिसलं त्याचा नुसता फोन नंबर लिहून ठेवू नका, सोबत कोण जाणार आणि कोणत्या दिवशी, तेही वहीत लिहा.