नवीन फोनवर यूपीआय पिन चालत नाहीये? रीसेट करण्याआधी हे तपासा

गेल्या महिन्यात साताऱ्याहून मावशीचा फोन आला. तिचं घरगुती पोळी-भाजी केंद्र आहे. जुन्या मोबाईलची स्क्रीन फुटली म्हणून तिने नवा घेतला, जुनं सिम त्यात टाकलं आणि पेमेंट ॲपवर पुन्हा नोंदणी केली. इथपर्यंत सगळं नीट झालं. मग पिठाच्या गिरणीवाल्याचे 3,400 रुपये द्यायला गेली तर पिन चुकीचा म्हणून पैसे गेले नाहीत. तिने पुन्हा टाकला, तिसऱ्यांदा टाकला आणि मग पिनच ब्लॉक झाला. "अरे, तीन वर्षं रोज तोच पिन टाकतेय, विसरेन कशी मी?" ती वैतागून म्हणाली.

खरं सांगायचं तर मावशी पिन विसरली नव्हती, आणि ॲपही बरोबरच सांगत होतं. असं कसं झालं ते समजलं की नवीन फोन घेतल्यावर येणाऱ्या पिनच्या बऱ्याच अडचणी आपोआप सुटतात.

पिन फोनचाही नसतो आणि ॲपचाही नसतो

आपण 'ॲपचा पिन' असं सहज म्हणतो, पण यूपीआय पिन हा तुमच्या बँक खात्याचा असतो. पिन टाकायचं पान ॲप कोणतंही असलं तरी जवळपास सारखंच दिसतं, कारण ते पान एनपीसीआयने दिलेलं असतं. तिथे टाकलेले आकडे कुलूपबंद होऊन बँकेकडे जातात. पिन बरोबर की चूक हे बँक ठरवते. ॲपला तो पिन दिसतही नाही.

यावरून दोन गोष्टी लक्षात घ्या. एक म्हणजे फोन बदलला, ॲप काढून पुन्हा टाकलं किंवा दुसऱ्या कंपनीचं ॲप घेतलं, तरी त्या खात्याचा जुनाच पिन चालतो. दुसरी म्हणजे तुमची दोन बँकांत खाती असतील तर पिनही दोन असतात. एकाचा दुसऱ्याला चालत नाही.

मग नवीन फोनवर पुन्हा नोंदणी कशासाठी? तर तुमचा मोबाईल नंबर आणि हा नवा फोन यांची जोडी लावण्यासाठी. ॲप तुमच्या सिमवरून एक एसएमएस पाठवतं. त्यावरून हा नंबर याच फोनमध्ये आहे याची खात्री होते. मग त्या नंबरला जोडलेली खाती शोधली जातात. या सगळ्यात पिनला कुणी हात लावत नाही.

मावशीच्या बाबतीत काय झालं होतं

रविवारी साताऱ्याला गेलो आणि तिचा फोन हातात घेतला. पिनच्या पानावर वरच्या बाजूला बँकेचं नाव आणि खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे असतात. तिथे नाव होतं तिच्या दुसऱ्या बँकेचं!

जुन्या फोनवर तिची दोन्ही खाती जोडलेली होती. रोजचे व्यवहार पहिल्या खात्यातून व्हायचे आणि त्याचाच पिन तिच्या बोटांना सवयीचा होता. नवीन फोनवर नोंदणी करताना तिने बँकांच्या यादीतून दुसरी बँक निवडली आणि एवढंच एक खाते जोडलं. त्या खात्याचा पिन तीन वर्षांपूर्वी मीच तिच्याकडून सेट करून घेतला होता, त्यानंतर तो कधी वापरलाच नाही. दोन्ही पिन चार आकडी, त्यामुळे तिला काही वेगळं वाटलं नाही.

काही बँका चार आकडी पिन घेतात, काही सहा आकडी. रोज चार आकडे टाकायची सवय असेल आणि समोर सहा जागा दिसल्या, तर समजा की खाते दुसरं आहे.

मी ॲपमध्ये तिचं पहिलं खाते जोडलं आणि तेच मुख्य खाते म्हणून निवडलं. तिने जुना पिन टाकला आणि गिरणीवाल्याचे 3,400 रुपये लगेच गेले. काहीही रीसेट करावं लागलं नाही.

म्हणून आधी बँकेचं नाव वाचा, मगच पिन टाका. ही सवय नव्या फोनवर पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

कोणता पिन मागतंय, तेही बघा

आणखी एक गोंधळ नेहमी होतो. ॲप उघडताना जो आकडा किंवा बोटाचा ठसा मागितला जातो ते फोनचं किंवा ॲपचं कुलूप असतं. एटीएमवर टाकतो तो कार्डाचा पिन. आणि पैसे पाठवताना किंवा शिल्लक बघताना लागतो तो यूपीआय पिन. नव्या फोनवर एकामागोमाग एक पानं येतात तेव्हा एकाच्या जागी दुसरा टाकला जातो. यूपीआय पिन तीनदा चुकला की साधारणपणे 24 तासांसाठी तो बंद होतो. म्हणून दोनदा चुकला की तिसरा अंदाज लावू नका, तिथेच थांबा. चुकीच्या पिनमुळे खात्यातून पैसे जात नाहीत, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

पिन खरंच विसरलात तर रीसेट कसा होतो

मावशीच्या दुसऱ्या खात्याचा पिन तर खरोखर विसरला होता आणि ब्लॉकही झाला होता. 24 तास थांबून उपयोग नव्हता, कारण पिन आठवतच नव्हता. अशा वेळी रीसेट हाच मार्ग. रीसेट केल्यावर ब्लॉकही निघतो.

ॲपमध्ये तुमच्या बँक खात्याच्या पानावर गेलात की साधारण दोन पर्याय दिसतात: `Change UPI PIN` आणि `Forgot UPI PIN`. पहिल्याला जुना पिन लागतो, म्हणून विसरलेल्यांनी तिकडे जाऊ नये. दुसरा निवडला की ओळख पटवायचे दोन मार्ग येतात: डेबिट कार्ड किंवा आधार.

आम्ही आधी आधारचा मार्ग धरला. यात आधार क्रमांकाचे पहिले सहा आकडे टाकायचे असतात आणि मग ओटीपी येतात. पण यासाठी बँक खाते आधारला जोडलेलं हवं, आणि बँकेत जो मोबाईल नंबर आहे तोच आधारलाही असायला हवा. मावशीच्या आधारला तिच्या मुलाचा नंबर होता. गाडी तिथेच अडली.

मग डेबिट कार्ड. यात कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत संपण्याचा महिना-वर्ष लागतं. मावशीने पर्समधलं कार्ड काढलं, पण त्याची मुदत संपून गेली होती. बँकेने पाठवलेलं नवं कार्ड कपाटात, पाकिटासकट तसंच! जुन्या कार्डाचे आकडे टाकून काही होणार नाही आणि नवं कार्ड सुरू केल्याशिवाय चालणार नाही. आम्ही एटीएमवर जाऊन त्याचा पिन तयार केला आणि ते सुरू करून घेतलं.

घरी येऊन पुन्हा `Forgot UPI PIN`. नव्या कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत टाकली, बँकेचा ओटीपी आला. या बँकेने त्याच पानावर कार्डाचा एटीएम पिनही मागितला. सगळ्या बँका तो मागत नाहीत, पण मागितला तर दचकू नका, फक्त पानावर कोणत्या चौकटीत काय लिहिलंय ते वाचून टाका. मग नवीन यूपीआय पिन दोनदा टाकला आणि काम झालं.

पिन लागू झाला का हे बघायला लगेच कुणाला पैसे पाठवायची गरज नाही. `Check balance` वर जाऊन पिन टाका. शिल्लक दिसली म्हणजे पिन बरोबर आहे. हाच पिन आता त्या खात्यासाठी तुमच्या सगळ्या यूपीआय ॲपवर चालेल. म्हणजे एका ॲपमध्ये रीसेट केल्यावर दुसऱ्या ॲपमध्ये जुना पिन टाकलात तर तो चुकीचाच दाखवणार.

ओटीपीच आला नाही तर?

ज्या नंबरची बँकेत नोंद आहे ते सिम त्याच फोनमध्ये हवं. दोन सिम असतील तर ॲपमध्ये योग्य सिम निवडलंय का ते बघा, आणि एसएमएस जाण्याइतका रिचार्ज आहे का तेही. फोनसोबत सिमही बदलून घेतलं असेल, तर सुरक्षेसाठी नव्या सिमवर पहिले 24 तास एसएमएस बंद ठेवले जातात. त्या दिवशी कितीही वेळा प्रयत्न केला तरी नोंदणी होणार नाही, दुसऱ्या दिवशी करा. आणि बँकेतला नंबरच तुमच्याकडे उरला नसेल तर ॲपमधून काही होणार नाही. आधी शाखेत जाऊन नंबर बदलावा लागेल.

पिन बरोबर, तरी पैसे जात नाहीत

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन. "परत तेच झालं बघ!" किराणा दुकानदाराचे 8,000 रुपये जात नव्हते. मी तिला स्क्रीनवरचा संदेश वाचायला सांगितला. त्यात पिनचं नावही नव्हतं, मर्यादा ओलांडल्याचं लिहिलं होतं. नव्या फोनवर नोंदणी केल्यावर पहिले 24 तास साधारणपणे 5,000 रुपयांपर्यंतच पाठवता येतात. कुणी तुमचा नंबर दुसऱ्या फोनवर चालू केला तर मोठी रक्कम लगेच जाऊ नये म्हणून ही सोय आहे. संध्याकाळी तेच पैसे त्याच पिनने गेले.

म्हणून संदेश नीट वाचा. कोड दिसत असेल तर `ZM` म्हणजे पिन चुकला आणि `Z6` म्हणजे पिन टाकायच्या संधी संपल्या. दुसरं काही लिहिलं असेल तर पिनला दोष देऊन रीसेट करत बसू नका.

एवढं मात्र करू नका

मी पोचायच्या आधी शेजारच्या एकाने नेटवर शोधून मावशीला एक 'कस्टमर केअर' नंबर दिला होता. पलीकडच्या माणसाने स्क्रीन बघता येईल असं एक ॲप टाकायला सांगितलं. मावशीला ते जमलं नाही म्हणून तिने फोन ठेवला, आणि न जमल्यामुळेच ती वाचली! पिन अडलेला माणूस घाईत असतो आणि चोर नेमके त्याचीच वाट बघत असतात. रीसेट करताना कार्डाचे आकडे, ओटीपी आणि पिन तुम्ही स्वतः ॲपमध्ये टाकायचे असतात, फोनवर कुणाला सांगायचे नसतात. मदत हवी असेल तर कार्डाच्या मागे छापलेला बँकेचा नंबर वापरा किंवा ॲपच्या आतला मदत विभाग. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर तक्रार करा.

मावशीने आता दोन्ही खात्यांना वेगवेगळे पिन ठेवलेत आणि पाठ केलेत. नवं कार्ड पर्समध्ये आलंय, आणि आधारचा नंबर बदलून घ्यायला ती पुढच्या आठवड्यात जाणार आहे.